बेअरिंगचं रेकॉर्डिंग परत वाजवायचा डबा: वरच्या फ्रिक्वेन्सी कुठे गळतात (प्रकल्प नोंदी)

७ जून

आधी काय करायचंय ते. मोटरच्या बेअरिंगच्या कंपनांची रेकॉर्डिंग फाईलमध्ये पडून आहेत, सगळी ५० किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची, कामाचा बँड २० किलोहर्ट्झपर्यंत. ती परत अ‍ॅनालॉग करून आमच्या नव्या अँप्लिफायर कार्डात सोडायची, म्हणजे दर वेळी टेस्टिंगला मशीन चालू करून बसावं लागणार नाही. त्यासाठी न्यूक्लिओ एफ४४६ बोर्ड घेतलाय, आतला १२ बिटचा डॅक `PA4` वर, डीएमए आणि `TIM6` ट्रिगर. क्लॉक ८४ मेगाहर्ट्झ ठेवलाय कारण ८,४०,००,००० भागिले ५०,००० बरोबर १६८० येतात, `ARR` मध्ये १६७९ टाकलं की झालं. बाहेर एलएम ३५८ चा साधा फॉलोअर, तो डब्यात पडूनच होता.

खराब बेअरिंगची खूण १५ ते २० किलोहर्ट्झमध्ये दिसते आमच्याकडे, त्यामुळे वरचा भाग सपाट पाहिजे. पाव डीबीच्या आत राहिलं तर चालेल असं ठरवलंय.

८ जून

१ किलोहर्ट्झची साईन सोडली, झकास. मग २० किलोहर्ट्झची, त्याच अँप्लिट्यूडची. स्कोपवर पायऱ्या दिसतात, पीक टू पीक वाचलं तर जवळपास तेवढंच, पाच टक्के कमी. म्हटलं बरं आहे.

मग तोच सिग्नल यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये घातला (१९२ किलोहर्ट्झला चालतो, मध्ये कपॅसिटर आणि डिव्हायडर लावून) आणि एफएफटी काढली तर २० किलोहर्ट्झची रेघ १ किलोहर्ट्झच्या रेघेपेक्षा २.९ डीबी खाली. म्हणजे स्कोप म्हणतो ठीक आहे आणि एफएफटी म्हणते तिसरा हिस्सा गायब. शिवाय ३०, ७० आणि ८० किलोहर्ट्झला आगंतुक रेघा.

हे जो कोणी करेल त्याने हे आधीच लक्षात ठेवा: डॅकच्या थेट आउटपुटवर स्कोपचं पीक टू पीक बघून काही कळत नाही. डॅक प्रत्येक सॅम्पलची व्होल्टेज बरोबरच देतो, पायरीची उंची बरोबरच असते. आरएमएस पण पूर्ण येतो. फक्त त्यातली सगळी पॉवर २० किलोहर्ट्झवर नसते, ५७ टक्केच असते, उरलेली त्या आगंतुक रेघांमध्ये वाटली जाते. फिल्टर लावून पायऱ्या गुळगुळीत केल्या की मग ती घट उघडी पडते. साधा मल्टिमीटर तर सोडूनच द्या, एसी रेंजवर २० किलोहर्ट्झला बहुतेक मीटर काहीही दाखवतात.

९ जून

संशयित तीन: ऑडिओ इंटरफेस, एलएम ३५८, आणि पायऱ्या स्वतः. मित्राकडचा जुना अ‍ॅनालॉग फंक्शन जनरेटर आणला, इंटरफेस २० किलोहर्ट्झपर्यंत ०.१ डीबीच्या आत निघाला, तो सुटला.

मग अँप्लिट्यूड दहावा हिस्सा केली. घट २.९ वरून २.५ डीबी झाली. इथे एलएम ३५८ सापडला, कारण पायऱ्यांमुळे होणारी घट अँप्लिट्यूडवर अवलंबून नसते, ती लहान मोठ्या सिग्नलला सारखीच लागते. सिग्नल लहान केल्यावर घट बदलली म्हणजे कुठेतरी काहीतरी नॉनलिनियर चाललंय. एलएम ३५८ चा स्लू रेट ०.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, आणि २० किलोहर्ट्झला सलग दोन सॅम्पलमधली उडी जवळपास पूर्ण रेंजची, २.६ व्होल्टच्या आसपास, म्हणजे ती उडी मारायलाच त्याला ९ मायक्रोसेकंद लागतात आणि सॅम्पल टिकतं एकूण २०. साईन म्हणून बघितलं तर २० किलोहर्ट्झ त्याला जमायला हवं, पण त्याच्यापुढे साईन येतच नाही, पायऱ्या येतात.

बुधवार पेठेत जाऊन एमसीपी ६०२२ आणला, ७ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, रेल टू रेल. किमतीत एलएम ३५८ च्या कित्येक पट, पण इलाज नाही. डॅकचा आतला बफर पण बंद केला, तो दोन्ही रेलपासून ०.२ व्होल्ट आधीच थांबतो. आता लहान मोठा दोन्ही सिग्नल २.४५ डीबी खाली.

१० जून

आता पायऱ्यांचा हिशोब. आयडियल गोष्ट अशी की प्रत्येक सॅम्पलच्या जागी एक सिंक पल्स ठेवायचा, सगळे बेरीज करायचे, की मूळ सिग्नल जसाच्या तसा. पण सिंक दोन्ही बाजूंना अनंत पसरलेला, म्हणजे आत्ताची व्होल्टेज काढायला पुढे येणारी सगळी सॅम्पल्स आत्ताच माहीत पाहिजेत. डॅक ते करत नाही, तो आलेलं सॅम्पल पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो, बस. याला झिरो ऑर्डर होल्ड म्हणतात. सिंकच्या जागी चौकोनी पल्स आला, आणि चौकोनी पल्सचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स सपाट नसतो, तोच सिंकच्या आकाराचा असतो. सिंक टाइममध्ये हवा होता, तो आला फ्रिक्वेन्सीत.

```python
import numpy as np
f = np.array([0.1, 0.2, 0.3, 0.35, 0.4, 0.45, 0.5])
zoh = np.sinc(f)
print(20*np.log10(zoh))
```

इथे `f` म्हणजे फ्रिक्वेन्सी भागिले सॅम्पल रेट. `np.sinc` मध्ये पाय आधीच आहे, आपण परत `np.pi` ने गुणलं तर आकडे भलतेच येतात आणि नायक्विस्टला तर लॉगमधून `nan` निघतो. खरे आकडे: ५ किलोहर्ट्झला ०.१४ डीबी घट, १० ला ०.५८, १५ ला १.३३, २० ला २.४२, आणि २५ ला म्हणजे नायक्विस्टवर ३.९२. माझं मोजमाप २.४५, जुळलं.

तरी खात्रीसाठी अजून एक टेस्ट केली, ही मला सगळ्यात आवडली. तीच २० किलोहर्ट्झची साईन, पण सॅम्पल रेट १०० किलोहर्ट्झ करून (`ARR` ८३९). घट एकदम ०.६ वर आली. अ‍ॅनालॉग भागातली घट असती तर ती २० किलोहर्ट्झलाच चिकटून बसली असती, रेट बदलल्याने हलली नसती. घट रेटबरोबर सरकते म्हणजे ती होल्डचीच.

आगंतुक रेघांचा पण एक सोपा नियम निघाला. २० च्या इमेज ३०, ७०, ८० ला येतात, आणि मूळ रेघेच्या तुलनेत त्यांची उंची म्हणजे सरळ २० भागिले इमेजची फ्रिक्वेन्सी. ३० ला २०/३० म्हणजे ३.५ डीबी खाली, ८० ला १/४ म्हणजे १२ डीबी खाली. एफएफटीत हे गुणोत्तर दिसलं की समजायचं डॅक स्वच्छ पायऱ्या देतोय.

१२ जून

भरपाई. होल्ड जेवढं खातो तेवढं आधीच डिजिटलमध्ये वाढवून द्यायचं, म्हणजे १/सिंक. सगळ्यात स्वस्त फिल्टर तीन टॅपचा: -१/१६, ९/८, -१/१६. भागाकार नाही, सगळं शिफ्टने होतं. वरच्याच कोडमध्ये एवढं टाकून बघितलं:

```python
w = 2*np.pi*f
h3 = 9/8 - np.cos(w)/8
print(20*np.log10(zoh*h3))
```

१५ किलोहर्ट्झपर्यंत एकदम छान, कुठेही ०.१५ डीबीच्या वर चूक नाही. १७.५ ला ०.२५ खाली. पण २० ला ०.६५ खाली, आणि माझा महत्त्वाचा भाग नेमका तिथे. ज्यांचा सिग्नल सॅम्पल रेटच्या ०.३ पटीच्या आत संपतो त्यांनी हाच लावावा आणि पुढचं वाचू नये.

मी पाच टॅपवर गेलो. सिमेट्रिक ठेवला म्हणजे फेज बिघडत नाही, बेअरिंगच्या ठोक्याचा आकार टिकतो. तीन अनोन, तीन अटी: शून्याला गेन १, १२.५ किलोहर्ट्झला १.१११, २० ला १.३२१. कागदावर सुटतं. आलं ०.०२०७, -०.०९६७, १.१५२१ आणि मग उलट तेच. २० पर्यंत चूक ०.१४ डीबीच्या आत राहते. पूर्णांकात:

```c
static int16_t d[5];
uint16_t comp(int16_t x)
{
    d[4]=d[3]; d[3]=d[2]; d[2]=d[1]; d[1]=d[0]; d[0]=x;
    int32_t y = 339*(d[0]+d[4]) - 1584*(d[1]+d[3])
              + 18874*d[2];
    return (uint16_t)(((y + 8192) >> 14) + 2048);
}
```

बेरीज बरोबर १६३८४ येईल असा मधला आकडा एकाने हलवलाय, नाहीतर डीसीला गेन १ राहत नाही.

१३ जून

चालू केलं आणि २० किलोहर्ट्झची साईन सोडली तर १० किलोहर्ट्झला नवीनच रेघ उगवली. कालपर्यंत नव्हती.

कारण फिल्टर २० ला १.३२ पट वाढवतो आणि सिग्नल आधीच फुल स्केल होता. वाढलेलं सॅम्पल ४०९५ च्या बाहेर गेलं. आधी कोडमध्ये क्लॅम्प होता, त्यामुळे ते कापलं गेलं, कापल्यावर तिसरा हार्मोनिक तयार झाला ६० किलोहर्ट्झचा, आणि तो ५० च्या रेटला दुमडून १० वर आला. डिजिटलमध्येच दुमडलेला असल्यामुळे बाहेर कितीही भारी फिल्टर लावा, तो जाणार नाही.

उपाय एकच, आधी जागा सोडायची. पाचही कोएफिशियंटची चिन्ह सोडून बेरीज १.३८७ येते, म्हणजे कुठलाही सिग्नल आला तरी याच्यापुढे वाढणार नाही. २०४७ भागिले १.३८७ म्हणजे १४७६, इनपुट त्याच्या आत ठेवलं की क्लॅम्पची गरजच नाही, म्हणून वरच्या कोडमध्ये तो काढलाय. पण याची किंमत २.८ डीबी, म्हणजे १२ पैकी जवळपास अर्धा बिट खालच्या फ्रिक्वेन्सींनी फुकट भरायचा, ज्यांना भरपाईची गरजच नव्हती. हे मला जरा खटकतंय.

१६ जून

भरपाई झाली, १ आणि २० किलोहर्ट्झ ०.१ डीबीत जुळले. आता पायऱ्या गुळगुळीत करायचा फिल्टर. एमसीपी ६०२२ चा दुसरा अर्धा भाग मोकळा होताच, त्यावर सॅलन की, सेकंड ऑर्डर बटरवर्थ, २२ किलोहर्ट्झचा.

पाणी फिरलं. फिल्टर स्वतःच २० ला २.३ डीबी खातो, आणि ३० च्या इमेजला फक्त ६.५ डीबी. इमेज मूळ रेघेच्या ३.५ खाली होती ती पावणेआठ खाली आली, म्हणजे अजून चाळीस टक्के उंचीची इमेज शिल्लक. डिजिटल भरपाईने इमेजला काही फरक पडत नाही हे पण इथे कळतं, डिजिटल फिल्टर २० ला जेवढं वाढवतो तेवढंच ३० च्या इमेजलाही वाढवतो, गुणोत्तर तिथल्या तिथे.

२० सोडायचे आणि ३० अडवायचे तर सातव्या आठव्या ऑर्डरचा फिल्टर लागेल, टाइट टॉलरन्सचे कपॅसिटर, आणि कडेला त्याचा स्वतःचा फेज. एक दिवस त्याचं डिझाईन करत बसलो, मग सोडलं. फिलिप्सने सीडी प्लेअर काढला तेव्हा १४ बिटचाच डॅक होता आणि त्यांनी रेट चौपट करून १७६.४ किलोहर्ट्झला चालवला, म्हणजे बाहेरचा फिल्टर सौम्य चालतो. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झ रेटला २० किलोहर्ट्झवर होल्डची घट ३.२ डीबी झाली असती, चौपट रेटला ०.२ पण नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा उपाय समोर असताना मी आठव्या ऑर्डरचे रेझिस्टर शोधतोय.

२१ जून

रेट २०० किलोहर्ट्झ, `ARR` ४१९. फाईल ५० चीच आहे, त्यामुळे दोन सॅम्पलच्या मध्ये तीन नवीन सॅम्पल्स काढायची. आणि इथे तो आयडियल सिंक परत कामाला येतो, कारण आता आपण फाईलमधून वाचतोय, पुढची सॅम्पल्स माहीत आहेत, थोडा उशीर चालतो.

पहिल्यांदा सिंक सरळ ८० पॉइंटवर कापला. ३० च्या पुढे अडवणूक वीस पंचवीस डीबीच, आणि २० च्या जवळ रिस्पॉन्समध्ये लाटा. सिंकची शेपटी फार हळू मरते, मध्येच कुऱ्हाड घातली की असं होतं. कायझर विंडो लावून हळूहळू शून्यावर आणला:

```python
from scipy.signal import firwin
h = 4*firwin(80, 25000, window=('kaiser', 5.65), fs=200000)
```

तो `4*` विसरू नका, मध्ये तीन शून्यं भरल्यामुळे लेव्हल पावपट होते. प्रत्येक आउटपुटला ८० पैकी २० च गुणाकार खरे लागतात (बाकी शून्यांना गुणतात), म्हणजे सेकंदाला ४० लाख, एम४ ला काहीच नाही. उशीर ०.२ मिलिसेकंद. ३० ची इमेज ६० डीबी खाली गेली, आता जे उरतं ते १८० आणि २२० ला.

२२ जून

सॅलन की तोच ठेवला, रेझिस्टर बदलून कटऑफ ६० किलोहर्ट्झ केला. आता तो २० ला फक्त ०.०५ डीबी खातो आणि १८० ला १९. होल्डनेच १८० ची इमेज आधी १९ डीबी खाली आणलेली (२०/१८०, वरचाच नियम), म्हणजे एकूण ३८ खाली. ज्या घटीने इतके दिवस छळलं तीच इथे फिल्टरचं निम्मं काम करते.

२० किलोहर्ट्झ आता रेटच्या ०.१ पट, होल्डची घट ०.१४. पाच टॅपवाला काढून टाकला. तोच तीन टॅपचा स्वस्त फिल्टर २०० च्या रेटला लावला, तो इथे ०.२० वाढवतो. हिशोबाने -०.१४ + ०.२० - ०.०५, म्हणजे जवळपास शून्य. हे नशीब आहे, डिझाईन नाही, ६० च्या ऐवजी ५० चा कटऑफ घेतला असता तर फिल्टर ०.११ खाल्ला असता आणि ०.०५ खाली राहिलो असतो, तेही चाललं असतं म्हणा.

२० ला गेन १.०२४ च, त्यामुळे साईनला २.८ डीबीची जागा सोडायची गरज संपली. पण रेकॉर्डिंगमध्ये ठोके आहेत, आणि इंटरपोलेशनमध्ये दोन सॅम्पलच्या मधला शिखर दोन्ही सॅम्पलपेक्षा उंच निघू शकतो. म्हणून फाईल पीसीवर आधीच २०० ला नेऊन, तीन टॅपमधून काढून, सगळ्यात मोठं सॅम्पल बघतो आणि फाईलप्रमाणे स्केल ठरवतो. रिअल टाइममध्ये करणाऱ्याला ही सोय नाही, त्याने आधीच थोडी जागा सोडावी.

२३ जून

मोजमाप, १ किलोहर्ट्झच्या तुलनेत: ५ ला ०.०, १० ला ०.०, १५ ला -०.१, २० ला -०.१. हिशोबापेक्षा ०.१ कमी का, तर एकतर इंटरफेसच तेवढा चुकतो, किंवा डॅकला पायरीवर स्थिर व्हायला डेटाशीटप्रमाणे ३ मायक्रोसेकंद लागतात आणि आता पायरीच ५ मायक्रोसेकंदांची आहे. ५० च्या रेटला हे लपून जायचं. यापुढे रेट वाढवायचा मोह झाला (४०० ला `ARR` २०९ बरोबर बसतो) पण या डॅकवर तिथे पायरी २.५ मायक्रोसेकंदांची होईल आणि ती स्थिर व्हायच्या आत पुढची येईल. त्याच्या पुढे जायचं तर बाहेरचा वेगळा डॅक लावा.

पाव डीबीची मर्यादा पाळली गेली, इथून पुढे अँप्लिफायर कार्डाचं काम. वापरलेलं: न्यूक्लिओ बोर्ड, एक एमसीपी ६०२२, दोन कपॅसिटर, चार पाच रेझिस्टर. एलएम ३५८ परत डब्यात.